हिरोशिमाला पूर्वसूचना मिळाली होती का?

"अणुबॉम्ब टाकण्याआधी अमेरिकेनं हिरोशिमात पत्रकं टाकून लोकांना सावध केलं होतं ना?"

नाही. उलट ३१ मे १९४५ रोजी अणुबॉम्बबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या समितीनं पूर्वसूचना द्यायची नाही, असंच ठरवलं होतं. जुलैअखेरीस पडलेली पत्रकं नेहमीच्या बॉम्बहल्ल्यांची होती. त्यांत अणुबॉम्बचा उल्लेख नव्हता. जपानला शरण येण्याचा इशारा देणाऱ्या पॉट्सडॅमच्या जाहीरनाम्यातही नव्हता.

६ ऑगस्टला सकाळी हवामान पाहणारं एकच विमान येऊन गेलं आणि साडेसातच्या सुमारास धोका टळल्याचा भोंगा वाजला. लोक कामाला लागले. सव्वाआठला स्फोट झाला.

अणुबॉम्बचं नाव घेणारी पत्रकं त्यानंतर छापली गेली. नागासाकीवर बॉम्ब ९ ऑगस्टला पडला, तिथली पत्रकं १० तारखेला. बॉम्ब टाकण्याचं समर्थन करायचं तर करावं, पण या पत्रकांच्या आधारे नको.