मायक्रोवेव्हचे दोन वॅट: मागे छापलेले आणि पदार्थापर्यंत पोचणारे

मायक्रोवेव्हच्या मागच्या बाजूला, नाहीतर दार उघडल्यावर आतल्या कडेला, एक चंदेरी स्टिकर असतो. त्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, २४५० मेगाहर्ट्झ अशा आकड्यांच्या गर्दीत वॅटचे दोन वेगळे आकडे सापडतात. २० लिटरच्या साध्या ओव्हनवर साधारण असं लिहिलेलं दिसेल: रेटेड इनपुट पॉवर ११५० वॅट, मायक्रोवेव्ह आउटपुट ७०० वॅट. मी नाशकात, सिडकोत घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. 'ओव्हन नीट तापत नाही' म्हणून जे ओव्हन माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच ओव्हनना काहीही झालेलं नसतं. मालकाने मोठा आकडा वाचलेला असतो, एवढंच.

इनपुट म्हणजे ओव्हन भिंतीतल्या प्लगमधून किती वीज ओढतो ते. आउटपुट म्हणजे त्यातली किती ऊर्जा लहरींच्या रूपात आतल्या वाटीतल्या पदार्थाला मिळते ते. मधला फरक कुठे जातो? सगळ्यात मोठा वाटा मॅग्नेट्रॉन खातो. विजेचं लहरींत रूपांतर करणारा हा भाग स्वतःच चांगला गरम होतो, म्हणून तर त्याच्यावर पंख्याचा झोत सतत सोडावा लागतो. ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि पंखा, दिवा, फिरणारी काचेची थाळी यांनाही थोडी वीज लागते. उसाचं वजन वेगळं आणि रसाचं वेगळं, तसंच हे. ओढलेल्या विजेच्या साधारण साठ टक्के ऊर्जा पदार्थात उतरली, तर ओव्हन ठणठणीत आहे असं समजावं.

इनपुटचा आकडा निरुपयोगी नाही, त्याची जागा वेगळी आहे. बिलाचा हिशेब करायचा, तर तोच धरायचा. ११५० वॅट म्हणजे २३० व्होल्टवर पाच अँपिअर, त्यामुळे टीव्हीशेजारच्या छोट्या सहा अँपिअरच्या प्लगवर एक्स्टेन्शन लावून ओव्हन चालवू नये, सोळाचा प्लग घ्यावा. आणि दिवे गेल्यावर घरातल्या ८५० व्हीएच्या इन्व्हर्टरवर ओव्हन का चालत नाही, याचं उत्तरही इनपुटच देतो. कन्व्हेक्शन आणि ग्रिलचे वॅट स्टिकरवर वेगळे दिलेले असतात. ते कॉइलचे आहेत, लहरींचे नाहीत, म्हणून रेसिपीच्या हिशेबात ते धरू नयेत.

रेसिपीत किंवा पाकिटावर '९०० वॅट, ५ मिनिटं' असं लिहिलेलं असतं, तेव्हा तो आकडा नेहमी आउटपुटचा असतो. गंगापूर रोडवरच्या एका काकूंचा ढोकळा नेमका इथेच बसला. "अहो दादा, रेसिपीत नऊशे, आपला साडेअकराशेचा. मी उलट वेळ कमी केली, तरी मधे चिखलच," असं त्यांचं म्हणणं. त्यांनी गणित बरोबर केलं होतं, आकडा चुकीचा घेतला होता.

सूत्र असं:

नवी वेळ = रेसिपीची वेळ × रेसिपीचे वॅट ÷ आपल्या ओव्हनचे आउटपुट वॅट

पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. काकूंनी ३०० × ९०० ÷ ११५० केलं, उत्तर आलं सुमारे २३५ सेकंद, म्हणजे चार मिनिटांना पाच सेकंद कमी. खरं करायला हवं होतं ३०० × ९०० ÷ ७००, म्हणजे सुमारे ३८६ सेकंद, जवळजवळ साडेसहा मिनिटं. रेसिपीतल्या उष्णतेच्या जेमतेम साठ टक्केच उष्णता त्यांच्या पिठाला मिळाली. कडा फुलून जाळीदार झाल्या, मध्यभाग ओला राहिला आणि बाहेर काढल्यावर खचला. असा ढोकळा परत आत ठेवून फारसा सुधारत नाही. इनोचा वायू तोवर निघून गेलेला असतो, म्हणून मधलं बेसन शिजतं पण फुगत नाही, आणि कडा मात्र रबरासारख्या होतात. उसळ किंवा वरण असतं, तर आणखी दोन मिनिटं फिरवून काम झालं असतं. ढोकळ्यात आणि मगमधल्या केकमध्ये ती सवलत नाही.

तरीही साडेसहा मिनिटं एकदम लावून मोकळं होऊ नये. सहाला थांबवून मध्यभागी सुरी घालून बघावी. ती चिकट आली, तर वीस-वीस सेकंदांनी वाढवावं. सूत्राचं उत्तर जवळपासचं असतं, कारण भांड्याची जाडी, पिठाचं पाणी आणि थाळीवरची जागा यांनी थोडा फरक पडतोच. झाकून मुरायला ठेवायची वेळ मात्र वॅटच्या प्रमाणात बदलायची नाही. तीन मिनिटं लिहिलं असेल तर तीनच, कारण त्या वेळात उष्णता बाहेरून आत सरकते आणि तिथे ओव्हनच्या वॅटचा संबंध नसतो.

स्टिकरवरचे ७०० वॅट सुद्धा नव्या ओव्हनचे आहेत. मॅग्नेट्रॉन जुना झाला की आउटपुट उतरतो, आणि साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हनमध्ये व्होल्टेज पडलं तरी उतरतो. आपला ओव्हन आज किती देतो हे घरीच मोजता येतं. काचेच्या मोठ्या भांड्यात नेमकं एक लिटर पाणी घ्या, ढवळून थर्मामीटरने तापमान पाहा, थर्मामीटर बाहेर काढा, फुल पॉवरवर बरोबर दोन मिनिटं फिरवा, लगेच ढवळून पुन्हा पाहा. जितके अंश वाढले, त्याला ३५ ने गुणा. २४ वरून ४२ झालं, तर १८ गुणिले ३५, म्हणजे ६३० वॅट. भांडंही थोडी उष्णता घेतं, त्यामुळे आकडा किंचित कमीच येतो. नाशकात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळातूनच गरम येतं, त्यावर ही चाचणी करू नका, माठातलं घ्या. पाणी आधीच गरम असेल तर ते तापता तापता उष्णता बाहेर टाकतं आणि ओव्हन उगाच कमजोर ठरतो. उत्तर स्टिकरच्या निम्म्याच्या आसपास आलं, तरच दुरुस्तीला आणा, आणि झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका चार्ज उरलेला असू शकतो.

उलट स्थिती, म्हणजे रेसिपी ७०० ची आणि आपला ओव्हन ९०० चा, थोडी वेगळी हाताळावी लागते. सूत्राने वेळ कमी होईल, आणि चहा किंवा दूध तापवायला तेवढं पुरेल. घट्ट किंवा जाड पदार्थाला मात्र उष्णता आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो, तो जास्त वॅटने वाचत नाही. तिथे रेसिपीची वेळ तशीच ठेवून पॉवर ८० टक्क्यांवर आणावी, म्हणजे सरासरी ७२० वॅट मिळतात. साध्या ओव्हनमध्ये ८० टक्के म्हणजे मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोरात चालतो, मग काही सेकंद बंद राहतो. कान दिला तर त्याचा घुमणारा आवाज मधेच थांबलेला कळतो, आणि पंखा मात्र चालूच असतो. ओव्हन बिघडला म्हणून त्या आवाजासाठीही फोन येतात.