तोललेलं चिकन आणि खाल्लेलं चिकन: हाड, कातडी आणि कवच यांचा हिशेब

कॅलरी मोजायच्या म्हणून स्वयंपाकघरात वजनकाटा आला की पहिला घोटाळा चिकनच्या लेग पीसपाशी होतो. काटा पाचशे ग्रॅम दाखवतो. अॅपमध्ये 'चिकन ड्रमस्टिक' शोधलं की शंभर ग्रॅमला अमुक कॅलरी असा आकडा येतो. त्याला पाचने गुणलं की काम झालं असं वाटतं, पण तसं नसतं. काट्यावर जे पाचशे ग्रॅम आहेत आणि तक्त्यातले जे शंभर ग्रॅम आहेत, ते एकाच वस्तूचे नाहीत.

काट्यावरचं वजन विकत आणलेल्या तुकड्याचं आहे, म्हणजे मांस, कातडी, हाड सगळं मिळून. तक्त्यातला आकडा मात्र 'खाण्याजोग्या भागा'चा असतो. अमेरिकेच्या कृषी विभागाचा तक्ता घ्या. आज चालणारी बरीच अॅप थेट किंवा फिरून त्याच्यावरच उभी आहेत. त्यात शंभर ग्रॅम म्हणजे हाड काढून उरलेले शंभर ग्रॅम. टाकून द्यायचा भाग किती टक्के असतो हे वेगळं नोंदवलेलं असतं, पण अॅपच्या पडद्यावर तो रकाना सहसा पोचतच नाही.

आता हाड आणि कातडी या दोन गोष्टी वेगळ्या का मोजायच्या ते बघू, कारण 'नको असलेला भाग' म्हणून लोक दोघांना एकाच खात्यात टाकतात. हाड आपण खात नाही, त्यामुळे हिशेबापुरतं ते नुसतं वजन असतं, त्यात कॅलरी शून्य. कातडीचं उलटं आहे. तिचं वजन थोडं आणि कॅलरी भरपूर. कच्च्या कोंबडीचं नुसतं मांस शंभर ग्रॅमला साधारण १२० कॅलरीचं असतं, तर नुसती कच्ची कातडी साधारण ३५० कॅलरीची. हाड विसरलं की आकडा फुगतो. कातडी विसरली, आणि ती खाल्ली असेल, तर आकडा आक्रसतो. दोन्ही चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेला जातात आणि म्हणूनच कधी कधी सापडत नाहीत.

कच्च्या ड्रमस्टिकचे पाचशे ग्रॅम घेऊन हे करून बघू. सुटं करून तोललं तर हाडं १६० ग्रॅम, कातडी ५० आणि मांस २९० असा हिशेब निघाला असं धरू. ड्रमस्टिकमध्ये वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग हाडाचा असतो, तेव्हा हे प्रमाण वास्तवाला धरूनच आहे. मांसाच्या ३४८ कॅलरी झाल्या, कातडीच्या १७५. कातडीसकट खाणाऱ्याच्या पोटात ५२३ गेल्या.

हेच अॅपवर केलं तर? 'मांस आणि कातडी, कच्चं' या नोंदीचा आकडा साधारण १६० असतो. हाडासकटच्या पाचशे ग्रॅमला तो लावला की ८०० कॅलरी येतात. म्हणजे पावणेतीनशे जास्तीच्या. कुणी 'फक्त मांस, कच्चं' ही नोंद निवडली तर पाचशे गुणिले १.२, म्हणजे ६००. खऱ्या ५२३ पासून हा आकडा फार लांब नाही. इथे गंमत अशी की माणसाने दोन चुका केल्या: हाड वजनात धरलं आणि कातडी धरली नाही. दोन्हींनी एकमेकींना बऱ्यापैकी खाऊन टाकलं. पण तोच माणूस उद्या कातडी काढून शिजवायला लागला आणि नोंद तीच ठेवली, तर खरा आकडा ३४८ आणि वहीत ६००. खाणं बदललं, वहीतला आकडा मात्र तिथेच. कातडी सोडून काही फरक पडत नाही असं वाटायला लागतं ते अशा वेळी.

बरोबर पद्धत अवघड नाही. हाडं काढून उरलेल्या ३४० ग्रॅमला १६० चा आकडा लावला की ५४४ येतात. आपण सुटं करून काढलेल्या ५२३ शी हे जुळतं. वीस कॅलरींचा फरक राहतो तो कातडीखालच्या चरबीमुळे. ती एका तुकड्यात जास्त असते, दुसऱ्यात कमी, आणि तेवढ्यासाठी जीव काढण्यात अर्थ नाही.

अॅपमधली नोंद नेमकी कशाची आहे हे नावावरून कळलं नाही तर तिच्यातली चरबी बघा. कच्च्या ड्रमस्टिकच्या नुसत्या मांसात शंभर ग्रॅमला तीन-चार ग्रॅम चरबी असते, कातडीसकट नऊच्या आसपास. लोकांनी स्वतः भरलेल्या नोंदींमध्ये नाव 'स्किनलेस' आणि चरबी नऊ असले प्रकार चिक्कार सापडतात. तिथे नावापेक्षा चरबीवर विश्वास ठेवावा.

तुकडा बदलला की हाडाचा वाटाही बदलतो. अमेरिकी तक्त्यानुसार हाडासकटच्या ब्रेस्टमध्ये आणि थायमध्ये हाड साधारण पाचवा हिस्सा असतं, ड्रमस्टिकमध्ये तिसरा, आणि विंग्समध्ये जवळपास निम्मं. 'चिकनमध्ये तीस टक्के हाड' असा एकच ठोकताळा सगळीकडे लावला तर थायचं खाणं कमी मोजलं जाईल आणि विंग्सचं जास्त. पूर्ण कोंबडी तुकडे करून एकत्र शिजवली असेल तर तीसच्या आसपासचा सरासरी आकडा चालतो, पण आपल्या ताटात नेमके कोणते तुकडे आले याला तेव्हा महत्त्व येतं.

इथवर सगळं कच्च्या वजनाचं झालं. शिजल्यावर आणखी एक गोष्ट बदलते. भाजताना मांसातलं पाणी जातं, हाडाचं वजन मात्र फारसं हलत नाही. वरचेच पाचशे ग्रॅम भाजले तर मांस आणि कातडी मिळून ३४० चे २३५ च्या आसपास उरतात, हाडं १६० ची १५०. एकूण ३८५ ग्रॅम, आणि त्यात हाड आता ३९ टक्के. कच्च्या तुकड्यात ते ३२ टक्के होतं. म्हणून कच्च्यासाठी लिहिलेली हाडाची टक्केवारी शिजलेल्या तुकड्याला लावू नये. पाण्याबरोबर कॅलरी जात नाहीत, त्यामुळे शिजलेल्या मांसाच्या शंभर ग्रॅमचा आकडाही कच्च्यापेक्षा मोठा असतो. कच्चं वजन घेतलं तर नोंद कच्च्याची, शिजलेलं घेतलं तर शिजलेल्याची. यात अदलाबदल केली की हाडाचा हिशेब कितीही नीट केला तरी वाया जातो.

शिजलेलं खाताना टक्केवारीच्या भानगडीत न पडता एक सोपा मार्ग आहे. वाढून घेतलेले तुकडे तोलायचे, जेवण झाल्यावर ताटात उरलेली हाडं तोलायची आणि वजा करायचं. कातडी, कुर्चा, शिरा, जे काही खाल्लं नाही ते हाडांबरोबरच काट्यावर जातं, म्हणजे आपण हाड किती निगुतीने चोखतो तेही त्या हिशेबात आपोआप येतं. कोरड्या भाजलेल्या तुकड्यांना ही पद्धत उत्तम. पातळ रश्श्यात ती घसरते, कारण तिथे कातडीखालची चरबी वितळून रश्श्यात उतरलेली असते आणि हाडांना रस्सा चिकटून त्यांचं वजन वाढलेलं असतं. तिथे पातेल्यात घालण्यापूर्वीचं कच्चं वजन घ्यावं, जेवणानंतर सगळी हाडं धुऊन, निथळून तोलावीत आणि ती कच्च्या वजनातून वजा करावीत. शिजताना हाडातून थोडं पाणी आणि मगज बाहेर येतो, म्हणून हा हिशेबही काटेकोर नाही. पण हाडासकट मोजण्यापेक्षा खूपच जवळचा आहे.

एक सावधगिरी. काही जुन्या ब्रिटिश तक्त्यांमध्ये 'हाडासकट तोललेलं' अशा स्वतंत्र नोंदी आहेत. त्यांचा आकडा लहान दिसतो, कारण हाडाचं वजन त्यांनी आधीच धरलेलं असतं. अशी नोंद निवडून वर पुन्हा हाडं वजा केली तर एकच वजाबाकी दोनदा होते.

मासा चिकनपेक्षा सरळ वाटतो, पण अख्खा मासा तोलला तर चूक जास्त मोठी होते. डोकं, खवले, पर, आतडी आणि मधला काटा काढून अख्ख्या माशाचा बराचदा निम्म्याहून कमी भाग हाती लागतो. साफ करून, डोकं काढून आणलेल्या माशात हाच वाटा वाढतो. म्हणून 'मासा एक किलो' या नोंदीला अर्थ नाही, कोणत्या अवस्थेतला एक किलो ते ठाऊक असायला हवं. माशाच्या कातडीला कोंबडीच्या कातडीचा नियम लावायचं मात्र कारण नाही. कॉडसारख्या कमी चरबीच्या माशाचं मांस कच्चं असताना शंभर ग्रॅमला ८० च्या थोडं वर, पैदाशीच्या सामनचं २०० च्या थोडं वर. कातडी खाल्ली की सोडली, यापेक्षा मासा कोणता हा फरक कितीतरी मोठा आहे.

कवचवाल्यांमध्ये वजाबाकी सगळ्यात कठोर असते. मसल म्हणतात ते काळे शिंपले किलोभर आणले तर वजनात शिंपला आहे, आत कोंडलेलं पाणी आहे आणि शिजल्यावर आक्रसणारं मांस आहे. शिजवून, सोलून समजा २३० ग्रॅम मांस निघालं. शिजलेल्या मसलच्या मांसाचा आकडा १७२ आहे, म्हणजे साधारण ३९५ कॅलरी. किलोलाच तो आकडा लावणाऱ्याला १७२० मिळतील, चौपटीहून जास्त. कोळंबीचं त्या मानाने सोपं आहे, फक्त डोक्यासकटची आणि डोकं काढलेली यांत गल्लत करू नये. वजनाचा मोठा हिस्सा डोक्यातच असतो, उरलेलं टरफल हलकं असतं. सोलून तोलली की प्रश्नच मिटतो.

आणि मग एक प्रकार असा आहे की जिथे माशाचा काटा वजा करणं हीच चूक ठरते. डब्यातल्या सार्डिनचे काटे प्रक्रियेत इतके मऊ होतात की ते मांसाबरोबरच खाल्ले जातात, आणि अमेरिकी तक्त्यातली तेलातल्या सार्डिनची नोंदही काट्यासकटचीच आहे: तेल निथळून शंभर ग्रॅमला २०८ कॅलरी. डब्यातला कॅल्शियमचा मोठा आकडा त्या काट्यांमुळेच असतो. तिथे काटे बाजूला काढून खाल्ले, तर कॅलरीच्या आकड्यापेक्षा कॅल्शियमचा आकडा जास्त चुकेल.