काट्याची नोंदवही

काट्याची नोंदवही म्हणजे ट्रक-काट्यावर (वे-ब्रिजवर) आलेल्या प्रत्येक गाडीचे भरलेले वजन, रिकामे वजन आणि त्यांतून निघणारे निव्वळ वजन तिकीट क्रमांकानुसार लिहून ठेवणारी वही किंवा संगणकातील तक्ता. कोकणात असे काटे चिऱ्याच्या व खडीच्या खाणी, क्रशर, सिलिका वाळूचे धुलाई कारखाने, बंदरे आणि मुंबई-गोवा महामार्गालगतचे काँक्रीट प्लांट यांच्या फाटकाशी असतात. या नोंदीत काँक्रीट प्लांटवरची, म्हणजे माल विकत घेणाऱ्याच्या बाजूची वही घेतली आहे. वहीची खरी कसोटी तिथेच लागते.

प्रत्येक गाडीची दोन वजने होतात. क्रशरवर गाडी आधी रिकामी चढते आणि मग भरून. प्लांटवर आधी भरलेली चढते, माल ओतून रिकामी परत येते. दुसरे वजन होईपर्यंत तिकीट ‘उघडे’ राहते आणि त्याचा आकडा कोणत्याही बेरजेत धरत नाहीत. रात्री साडेअकराला भरून चढलेली गाडी बारानंतर रिकामी झाली, तर तो माल दुसऱ्या दिवसाचा. रद्द झालेले तिकीटही क्रमांकासकट वहीत राहते. मधला क्रमांक गायब असला की तपासणारा पहिले बोट तिथेच ठेवतो, आणि ते बरोबरच आहे.

निव्वळ वजन ही वजाबाकी असल्यामुळे दोन्ही वजनांतली चूक तिच्यात उतरते. साधारण ६० टनांचा काटा १० किलोच्या टप्प्याने वाचतो. वैधमापनशास्त्राच्या नियमांनुसार पडताळणीच्या वेळी अशा काट्याला ५ टनांपर्यंत ५ किलो, २० टनांपर्यंत १० किलो आणि त्यापुढे १५ किलो इतकी चूक चालते. वापरातल्या काट्याला याच्या दुप्पट. म्हणजे २७ टनांची भरलेली गाडी ३० किलोंनी आणि ११ टनांची रिकामी गाडी २० किलोंनी चुकली तरी काटा कायद्याने निर्दोष. एका काट्यावर निव्वळ वजनात फार तर ५० किलो, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन काटे धरले तर १०० किलो. चलनावरचे वजन आणि आपले वजन यांत याहून कमी फरक असेल, तर एकट्या तिकिटावरून पुरवठादाराशी भांडण्यात अर्थ नाही. करारात सूट बहुधा टक्क्यांत लिहितात, पण ती ठरवताना हा हिशेब कुणी केलेला असतोच असे नाही.

आता जुलैमधले एक उदाहरण घेऊ. दहा चाकी हायवा क्रश सँड घेऊन आली. भरलेले वजन २७,८६० किलो, रिकामे ११,४२०, निव्वळ १६,४४०. चलनावर १६,५८०. तूट १४० किलो, म्हणजे १०० ची मर्यादा ओलांडली. वहीत शेऱ्याच्या रकान्यात लाल फुली पडली आणि ड्रायव्हरला थांबवले. ‘काटा मारला’ असे म्हणण्याआधी फाळक्याखाली पाहायचे असते: वाटेभर गाडीतून पाणी गळत आलेले होते.

ओल्या वाळूत पाणीही वजनाने विकले जाते. क्रशरवर काढलेला ५०० ग्रॅमचा नमुना तव्यावर भाजल्यावर ४६९ ग्रॅम भरला होता, म्हणजे ओल ६.२ टक्के. प्लांटवर तेवढाच नमुना ४७३ ग्रॅम उरला; ओल ५.४ टक्के. कोरड्या मालाचा हिशेब केला तर क्रशरवर १५,५५२ किलो आणि प्लांटवरही १५,५५२. तूट पाण्याची होती. आकडे इतके तंतोतंत जुळणे हा योगायोग म्हणायचा, कारण नमुन्यातला एक ग्रॅम इकडेतिकडे झाला तर गाडीमागे तेहतीस किलो हलतात. म्हणून पावसाळ्यात क्रश सँडची तूट कोरड्या वजनावर तपासावी लागते. खडी पाणी फारसे धरत नाही, तिला १०० किलोंची मर्यादा बारा महिने चालते. दोन्ही मालांना एकच सूट लावणारी वही जूनपासून रोज खोट्या फुल्या मारते आणि मग फुल्यांकडे कोणी बघेनासे होते.

पाऊस काट्यावरही बसतो. सोळा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद पाट्यावर एक मिलिमीटर पाणी साचले की ४८ किलो झाले. लाल चिखल वेगळा. शून्य सारखेच सरकलेले असेल तर ते भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही वजनांत येते व वजाबाकीत कटते. पण गाडी माल ओतायला गेली आणि त्या वीस मिनिटांत सर आली, तर कटत नाही. म्हणून गाडी चढण्यापूर्वी रिकाम्या काट्यावर शून्य दिसते ना, हे काटेवाल्याने प्रत्येक वेळी पाहायचे. गाडी उतरल्यावर काटा शून्यावर परतत नसेल, तर पाटा आणि कठडा यांच्या फटीत खडी अडकली आहे का, तेही बघायचे.

दिवसअखेर वही मालाप्रमाणे बेरीज मांडते: किती गाड्या, आपले निव्वळ, चलनाचे निव्वळ, फरक. एकेका तिकिटावर न दिसणारी गोष्ट इथे दिसते. समजा, वीस मिलिमीटर खडीच्या नऊ गाड्यांची तूट अनुक्रमे ६०, ४०, ५०, ७०, ३०, ५०, ६०, ४० आणि ५० किलो आहे. एकही गाडी मर्यादेबाहेर नाही, एकाही ओळीवर फुली नाही. बेरीज मात्र ४५० किलो, आणि सगळी एकाच बाजूला. काट्याची साधी डुगडुग असती तर काही गाड्या जास्तही भरल्या असत्या.

अशा वेळी चलनावरचे रिकामे वजन आपल्या रिकाम्या वजनाशेजारी लिहून पाहावे. पुष्कळ क्रशरवर गाडी दर खेपेला रिकामी चढवत नाहीत. सकाळी एकदा घेतलेले वजन संगणकात साठवून दिवसभर तेच वापरतात. सकाळी टाकी अर्धी होती, हौदा कोरडा होता. नंतर साठ लिटर डिझेल भरले की पन्नासेक किलो वाढले, कोपऱ्यात चिकटलेला ओला चुरा निराळा. पण चलनावर रिकामे वजन सकाळचेच, ११,३७०. आपल्याकडे तीच गाडी ११,४२०. भरलेले वजन दोन्हीकडे जवळपास सारखे येते, आणि ते पन्नास किलो डिझेल खडीच्या भावाने प्रत्येक खेपेला विकले जाते. यात लबाडी असेलच असे नाही, बहुतेकदा आळसच असतो. चलनावर रिकाम्या वजनाची वेळ छापलेली असेल तर ते लगेच कळते: दुपारी तीनच्या चलनावर सकाळी सात वाजून दहा मिनिटे.