रजेचा अर्ज : नेहमीचे दोष व सुधारणा

नोकरीच्या ठिकाणी किंवा शिक्षणसंस्थेत ठरावीक काळ गैरहजर राहण्याची परवानगी मागणारे पत्र म्हणजे रजेचा अर्ज. वाचणाऱ्याला त्यावरून दोन गोष्टी ठरवायच्या असतात : रजा द्यायची की नाही, आणि दिली तर त्या दिवसांचे काम कोणी पाहायचे. यांपैकी एकाही निर्णयाला उपयोगी न पडणारा मजकूर अर्जात वाढत गेला, की अर्ज कच्चा राहतो.

सर्वांत महागात पडणारा दोष म्हणजे मोघम तारखा. पुढील मसुदा पाहावा :

“विषय : सुट्टीबाबत. महोदय, घरी अत्यंत महत्त्वाचे काम निघाल्याने मी पुढच्या आठवड्यात मंगळवारपासून तीन-चार दिवस येऊ शकणार नाही. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे, तिला मधुमेह आहे, वजनही वाढले आहे आणि भाऊ अजिबात लक्ष देत नाही. मी आजवर कधीच रजा मागितली नाही. आपण नकार दिलात तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.”

‘पुढचा आठवडा’ अर्ज लिहिला त्या दिवसापासून मोजायचा की वाचला त्या दिवसापासून, हे इथे कळत नाही. ‘तीन-चार’ लिहिल्यामुळे हजेरीपटावर किती दिवस मांडायचे, हा प्रश्न उरतो. ‘शुक्रवारपर्यंत’ असे लिहिले असते तरी शुक्रवार रजेत धरायचा की त्या दिवशी अर्जदार कामावर येणार, ही शंका राहतेच. म्हणून पहिला दिवस, शेवटचा दिवस, एकूण दिवस आणि रुजू होण्याची तारीख या चारही गोष्टी लिहाव्यात. वरवर ही पुनरुक्ती वाटते, पण या चार नोंदी एकमेकींना तपासतात. एखादी तारीख चुकली, तर बेरीज जुळत नाही आणि चूक अर्ज देण्याआधीच लक्षात येते. रजेला लागून साप्ताहिक सुट्टी येत असेल, तर ती रजेत मोजली जाते की नाही हे त्या त्या ठिकाणच्या नियमांवर ठरते. ते आधी पाहून घ्यावे.

दुसरा दोष नको तेवढे सांगण्याचा. अर्ज एकट्या वरिष्ठांच्या हाती राहत नाही. आस्थापना, लेखा असे टप्पे पार करून तो फाइलमध्ये कायमचा बसतो. आईचा मधुमेह आणि भावाची बेफिकिरी ही माहिती अर्जदाराची नव्हे, त्या दोघांची आहे. एखादा तपशील काढून टाकला तर निर्णय बदलेल का, असे प्रत्येक वाक्याला विचारावे. शस्त्रक्रियेचा दिवस काढला तर बदलेल, वजनाचा उल्लेख काढला तर नाही. याचे दुसरे टोकही टाळावे. एका दिवसाच्या किरकोळ रजेला ‘वैयक्तिक कारण’ बहुधा पुरते. लांबलचक रजेला तेवढेच लिहिले तर उलट प्रश्न येतात.

भावनिक दडपण ओळखायला थोडे अवघड असते, कारण लिहिणाऱ्याला ती विनवणीच वाटते. ‘माफ करू शकणार नाही’, ‘इतरांना मिळते, मलाच का नाही’, ‘तिकिटे काढून झाली आहेत’ ही वाक्ये कारण सांगत नाहीत; नकाराचा दोष वाचणाऱ्यावर टाकतात. मात्र निकड खरी असेल तर ती पुसू नये, वस्तुस्थितीच्या रूपात मांडावी. ‘रुग्णालयात सोबत राहण्यास घरात दुसरे कोणी नाही’ हे वाक्य दडपण नाही, निर्णयाला लागणारी माहिती आहे.

दुरुस्ती करताना आधी तारखा पक्क्या कराव्यात, मग कारण छाटावे. भाषा शेवटी पाहावी. उलट क्रमाने गेल्यास गोड शब्दांत तोच मोघमपणा शिल्लक राहतो. सुधारलेला अर्ज असा होईल :

“विषय : १० ते १३ मार्च २०२६ या चार दिवसांची रजा मिळण्याबाबत. महोदय, बुधवार, ११ मार्च रोजी माझ्या आईची शस्त्रक्रिया आहे. सोबत राहण्यास घरात दुसरे कोणी नसल्याने मला मंगळवार, १० मार्च ते शुक्रवार, १३ मार्च (दोन्ही दिवस धरून) चार दिवसांची रजा मिळावी, ही विनंती. मी सोमवार, १६ मार्च रोजी रुजू होईन. मासिक अहवालाचे काम सहकारी पाहतील. त्यांच्याशी बोलणे झाले आहे. आईला घरी सोडण्यास उशीर झाल्यास गुरुवारी दुपारपर्यंत मुदतवाढीचा अर्ज पाठवीन.”

शेवटच्या वाक्याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. पुढचे खरोखरच अनिश्चित असते तेव्हा लोक ‘तीन-चार दिवस’ लिहितात. त्याऐवजी ठरलेला भाग ठामपणे मागावा आणि उरलेले कधी कळवणार, ती वेळ द्यावी. अचानक दवाखाना गाठावा लागला तर एवढे लिहिणेही शक्य नसते. तेव्हा आजचा दिवस येत नसल्याचा दोन ओळींचा निरोप पुरे. नंतरच्या रीतसर अर्जात त्या निरोपाची तारीख नमूद करावी, म्हणजे तो दिवस विनापरवानगी गैरहजेरीत धरला जाण्याची शक्यता कमी होते.