इसबगोल रात्रीच्या गोळ्यांसोबत का नको

बद्धकोष्ठावर इसबगोल घेण्याची घरोघरची पद्धत ठरलेली असते. जेवण झालं, रात्रीच्या गोळ्या गिळल्या, त्यावर अर्धा कप कोमट दुधातून चमचाभर इसबगोल आणि मग अंथरूण. औषध चांगलं आहे, पण या पद्धतीत पाणी आणि वेळ दोन्हीही चुकतात.

आधी पाण्याचं. इसबगोलच्या बियांवरचं पातळ साल म्हणजे हा भुसा. त्यातला तंतू पचत नाही आणि मोठ्या आतड्यातले जिवाणूही त्याला फारसा तोडत नाहीत. त्यामुळे तो पाणी धरून शेवटपर्यंत जातो, शौच मऊ आणि भरीव होतं आणि आतड्याला ते पुढे ढकलणं सोपं जातं. म्हणजे इथे काम करतं ते पाणी. भुसा फक्त ते धरून ठेवतो. चांगल्या प्रतीचा एक ग्रॅम भुसा फुगून 40 मिलीलिटर किंवा त्याहून जास्त जागा व्यापतो. चहाच्या सपाट चमच्यात साधारण दोन ग्रॅम मावतो असं धरलं, तर एका चमच्यातूनच 80 मिलीलिटर चिकट गर तयार होतो. खरं वाटत नसेल तर अर्ध्या कप पाण्यात एक चमचा टाकून दहा मिनिटं ठेवून बघा. मोकळं पाणी जवळजवळ उरलेलं नसतं. हेच पोटात घडलं तर शौच सैल व्हायच्या ऐवजी खडा धरतो. कोरडा भुसा तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं तर धोक्याचंच, कारण तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. इसबगोल घेतल्यावर छातीत दुखू लागलं, गिळता येईना, उलटी झाली किंवा श्वास अडला तर वाट न बघता दवाखाना गाठावा.

म्हणून पेल्यात आधी पाणी घ्यावं, निदान 200 ते 250 मिलीलिटर. त्यात एक चमचा भुसा टाकून ढवळावं आणि घट्ट व्हायच्या आत, लगेच प्यावं. त्यावर आणखी एक पेला साधं पाणी. दूध चालतं, पण तेही पेलाभर हवं. पहिले काही दिवस दिवसाला एकच चमचा पुरे. एकदम तीन-चार चमचे घेतले की पोट फुगतं, गॅस होतो आणि माणूस इसबगोललाच नावं ठेवतो. परिणाम दिसायला 12 तास ते तीन दिवस लागतात. घेतल्या घेतल्या आडवं होऊ नये; झोपेच्या आधी निदान तासभर तरी मोकळा ठेवावा.

आता गोळ्यांचं. हाच गर त्याच वेळी पोटात असलेल्या औषधाला वेढून घेतो, आणि मग ते उशिरा किंवा कमी शोषलं जातं. साधा नियम असा, की इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवावं. थायरॉइडच्या गोळीला चार तास द्यावेत. लोह, लिथियम, डिगॉक्सिन, कार्बामाझेपिन यांच्या बाबतीत अंतर जास्त काटेकोरपणे पाळावं.

समजा, साठीच्या एका बाई सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेतात, साडेआठला नाश्त्यानंतर रक्तदाबाची, दुपारी दीडला जेवणानंतर कॅल्शियमची आणि रात्री नऊला कोलेस्टेरॉलची. रात्री इसबगोल घेतलं तर कोलेस्टेरॉलच्या गोळीशी गाठ. सकाळी उठल्याबरोबर घेतलं तर थायरॉइडच्या गोळीशी, आणि ते जास्त वाईट: काही आठवड्यांनी टीएसएच वाढलेलं दिसतं, डोस वाढवला जातो, मूळ कारण मात्र पेल्यातच राहतं. त्यांच्या दिवसात मोकळी जागा आहे ती संध्याकाळी पाचची. कॅल्शियमला साडेतीन तास झालेले असतात, रात्रीच्या गोळीला चार तास बाकी असतात आणि झोपायच्या आधी दोन पेले पाणी जिरायलाही वेळ मिळतो. शिवाय कॅल्शियम स्वतःच बद्धकोष्ठ वाढवू शकतं, तेव्हा ती गोळी खरंच चालू ठेवायची आहे का, हेही डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे.

मधुमेह असेल तर इसबगोलमुळे जेवणानंतरची साखर हळू चढते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरुवातीला साखर वरचेवर तपासावी, कारण डोस कमी करावा लागू शकतो. चवीच्या पुड्यांमध्ये साखर असते का, तेही लेबलवर बघावं.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांचं पाणी मोजून दिलेलं आहे, त्यांनी विचारल्याशिवाय इसबगोल सुरू करू नये. एवढं पाणी त्यांना परवडत नाही. गिळायला त्रास असेल, आतड्यात अडथळा असेल किंवा शौचाचा खडा आधीच अडकून बसला असेल तर ते मुळीच नको. ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामकांनी झालेल्या बद्धकोष्ठात आतडंच मंदावलेलं असतं, तिथे भुसा नुसता साठत जातो. त्यावर दुसरी औषधं आहेत. आणि शौचातून रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाची सवय अचानक बदलून दोन आठवडे झाले असतील, तर आधी तपासणी करून घ्यावी.