पाखाडी चढवते का ते आधी बघा

स्टेंट बसवून माणूस घरी आला की त्याची खाट पडवीत हलते आणि वर्षभर तिथेच राहते. ‘संभोग करताना काही झालं तर?’ ही धास्ती नवरा-बायको दोघांनाही असते, पण डॉक्टरांना विचारत कोणीच नाही.

स्वस्थ बसल्यावर शरीराला जेवढा ऑक्सिजन लागतो, तो १ मेट धरतात. संभोगाला साधारण ३ ते ५ मेट लागतात, तेही शेवटची थोडी मिनिटंच. नाडी १३० च्या आणि वरचा रक्तदाब १७० च्या पुढे क्वचितच जातो.

खरी गंमत नाडीत आहे. डाव्या कप्प्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा. आकुंचन पावताना तो स्वतःच्याच रक्तवाहिन्या आवळतो. नाडी ६० असताना एका ठोक्याला एक सेकंद मिळतो आणि त्यातला बराचसा वेळ विश्रांतीचा असतो. नाडी १२० झाली की अर्धाच सेकंद उरतो, आणि कात्री लागते ती मुख्यतः विश्रांतीला. म्हणजे मागणी वाढते नेमकी तेव्हाच पुरवठ्याची वेळ घटते. वाहिनी मोकळी असेल तर ती रुंदावून हे भरून काढते. अरुंद असेल तर छाती भरून येते.

समजा, राजापूरचे बावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत. झटका सौम्य होता, मनगटातून एक स्टेंट बसला, बाकीच्या वाहिन्या मोकळ्या आहेत आणि पंपिंग चांगलं आहे. हलक्या कामाने त्रास होत नसेल तर आठवड्यानंतर डॉक्टरांना विचारून पुढची पायरी घ्यावी. जांघेतून स्टेंट घातला असेल तर तिथली जखम भरून सूज जाईपर्यंत थांबावं. आधी सपाटीवर वीस मिनिटांत १.६ किलोमीटर चालून बघायचं. ते जमलं की घराखालच्या पाखाडीच्या वीसेक पायऱ्या झपझप चढायच्या. छातीत दाब, धाप किंवा चक्कर आली नाही तर संभोगाचा ताण बहुधा झेपेल. काही झालं तर आधी स्ट्रेस टेस्ट. बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडी मुळातच दबलेली असते, म्हणून आकडा मोजत बसू नये, लक्षणं बघावीत. भरपेट जेवण किंवा दारूनंतर मात्र नको.

मधेच छाती दुखली तर थांबून बसायचं. डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८ ला फोन.

पण लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिल घेतलं असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास सॉर्बिट्रेटला हात लावायचा नाही. दुखलं की थेट १०८. ही औषधं आणि सॉर्बिट्रेट, दोन्ही वाहिन्या सैल करतात आणि एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो. रोजच्या गोळ्यांत सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट किंवा निकोरँडिल असेल तर सिल्डेनाफिल, टाडालाफिल घ्यायचीच नाहीत. बाजारात ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून मिळणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांतही सिल्डेनाफिलची भेसळ सापडलेली आहे. ‘वीर्य गेलं की हृदय दुबळं होतं’ म्हणून पुडी घेणारा माणूस नेमका याच फेऱ्यात अडकतो. पुडी घेतली असेल तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला ते लाज न बाळगता पहिल्याच वाक्यात सांगावं.