वाजते गाणे एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेणे (स्पॉटिफाय कनेक्ट)

फोनवर सुरू केलेले गाणे मध्येच लॅपटॉपवर किंवा स्पीकरवर न्यायचे आणि ते जिथे होते तिथूनच पुढे वाजायचे, अशी सोय बऱ्याच संगीत-सेवा देतात. स्पॉटिफायने ती २०१३ मध्ये ‘कनेक्ट’ या नावाने आणली. भारतात ही सेवा २०१९ मध्ये आली.

फोनमधला आवाज स्पीकरकडे जातो, असा बहुतेकांचा समज असतो. ब्लूटूथमध्ये तसेच घडते. गाणे फोनमध्येच वाजते आणि आवाज हवेतून स्पीकरकडे जातो. म्हणून फोन घेऊन दोन खोल्या पलीकडे गेले की आवाज तुटायला लागतो आणि फोन आला की गाणे थांबते. कनेक्टमध्ये आवाज फोनमधून जातच नाही. कोणते गाणे, कोणत्या यादीतले, किती मिनिटांवर आहे, एवढी छोटी नोंद सेवेच्या सर्व्हरवर असते. स्पीकर ती नोंद वाचतो आणि गाणे स्वतः इंटरनेटवरून आणतो. फोन उरतो तो रिमोटपुरता. खात्री करायची असेल तर गाणे स्पीकरवर नेल्यावर फोन पूर्ण बंद करावा. ब्लूटूथ असेल तर स्पीकर लगेच गप्प होतो, कनेक्ट असेल तर गाणे चालूच राहते.

एक उदाहरण घेऊ. चोवीस मिनिटांचा ख्याल फोनवर ऐकत कोणी घरी पोचतो. विलंबित संपून द्रुत सुरू झाले आहे आणि १६ मिनिटे ४० सेकंद झाले आहेत. इथे जागा हुकली तर तीन मिनिटांच्या गाण्यासारखे पुन्हा पहिल्यापासून लावणे परवडत नाही, म्हणून ही सोय खरी उपयोगी पडते ती लांब ध्वनिमुद्रणांना. सेवेचा प्रोग्रॅमरांसाठीचा इंटरफेस त्या क्षणी वाजत्या गाण्याची स्थिती विचारल्यावर जे सांगतो, त्यात या दोन ओळी असतात:

```
"progress_ms": 1000000,
"is_playing": true
```

जागा मिलिसेकंदांत मोजलेली असते. १६ मिनिटे ४० सेकंद म्हणजे १००० सेकंद, म्हणून दहा लाख. आता ॲपमधल्या उपकरणांच्या यादीत स्पीकरवर बोट ठेवले की फोन थांबतो आणि स्पीकर सुरू होतो. याच इंटरफेसमधून हे करायचे तर आज्ञा इतकीच:

```
PUT /v1/me/player
{"device_ids": ["स्पीकरचा आयडी"], "play": true}
```

या आज्ञेत गाण्याचे नाव नाही आणि मिनिटही नाही. ते सेवेला आधीच ठाऊक असते, फक्त ‘आता कुठे’ एवढेच सांगावे लागते. स्पीकर ते ध्वनिमुद्रण त्या जागेपासून उतरवायला घेतो. त्याला लागणारा वेळ शांततेत जातो, पण तेवढ्यात गाणे पुढे सरकत नाही. तान जिथे तुटली तिथूनच पुढे ऐकू येते. जाणवतो तो खंड. तो अजिबात नको असेल तर दोन्ही उपकरणांनी काही क्षण एकाच तालात वाजायला हवे. ते काम वेगळे आहे आणि त्याहून बरेच अवघड आहे.

रांगेत लावलेली पुढची गाणी सोबत येतात, आवाजाची पातळी मात्र येत नाही. ती ज्या त्या उपकरणाची असते. रात्री अकराला स्पीकरवर गाणे नेताना दुपारची पातळी तशीच राहिलेली असते, हे शेजाऱ्यांमुळे कळते. आधी आवाज खाली करावा.

सर्वांत जास्त तक्रार येते ती स्पीकर यादीत दिसत नाही याची. यादीत नाव दोन वाटांनी येते. लॅपटॉपवर त्याच खात्याने ॲप उघडे असेल तर त्याची वर्दी सर्व्हरकडून मिळते, मग लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर असला तरी चालते. ज्या स्पीकरवर त्या खात्याने अजून कोणी लॉगिन केलेले नाही, तो मात्र घरच्या वायफायवर आपली ओळख पुकारत असतो आणि ती पुकार त्या नेटवर्कच्या बाहेर जात नाही. फोन मोबाइल डेटावर असेल किंवा राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायला जोडलेला असेल, तर तो स्पीकर दिसणार नाही. पाहुण्यांच्या वायफायवर उपकरणे मुद्दाम एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात. म्हणून लॅपटॉप दिसतो पण स्पीकर दिसत नाही असे असेल, तर ॲप काढून पुन्हा टाकण्याच्या भानगडीत न पडता आधी फोन कोणत्या वायफायवर आहे ते पाहावे.

फोनमध्ये स्वतः साठवलेली गाणी, म्हणजे नातेवाइकाने पाठवलेले घरगुती मैफलीचे ध्वनिमुद्रण वगैरे, अशा रीतीने स्पीकरवर नेता येत नाहीत, कारण स्पीकरला ती इंटरनेटवर सापडणारच नाहीत. त्यांच्यासाठी ब्लूटूथ किंवा वायर.